जीभ नसलेल्या घंटा

आमच्या घराचं दार दुपारी कधी पूर्ण लागलं नाही. जेवण झालं की आजोबा उजव्या पायातली चप्पल दाराच्या फटीत सरकवायचे आणि मगच आडवे व्हायचे. त्या फटीतून मांजर यायचं, मे महिन्यातली धूळ यायची, आजी रोज बोलायची. चप्पल काही हलली नाही. त्यांची सगळी उमेद सोलापुरातल्या एका गिरणीत गेली होती. गिरणी बंद पडल्यावरही पहाटे भोंग्याच्या वेळेला ते अंथरुणात उठून बसत. भोंगा वाजत नसायचा, तरी बसत. दाराचं कारण मी त्यांना कधी विचारलं नाही, आणि नंतर विचारायला ते राहिले नाहीत.

दोन वर्षांपूर्वी आमच्या खेळासाठी खलनायक लिहायला घेतला तेव्हा वहीत पहिली ओळ आली ती हीच : ‘हा माणूस दार लावून बसत नाही.’ तो कोण, काय करतो, त्याला काय हवं आहे, यातलं काहीच ठरलेलं नव्हतं.

खेळ म्हणजे टेबलटॉप रोलप्लेइंग. 1974 मध्ये अमेरिकेत ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ आला, त्या घराण्यातला. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात, प्रत्येकाचं एक पात्र असतं. एक जण डीएम, म्हणजे सूत्रधार. तो जग सांगतो, बाकीचे आपापलं पात्र काय करतं ते सांगतात, आणि निकाल अनिश्चित असेल तिथे वीसपैलू फासा टाकला जातो. आमचा अड्डा सोलापूरच्या पूर्व भागात, एका मित्राच्या यंत्रमागाच्या कारखान्यावरच्या खोलीत. माग बंद असतात त्या दिवशीच जमायचं, नाहीतर खालच्या खडखडाटात एकमेकांचं ऐकूच येत नाही. खेळणारे पाच : कारखानदाराचा मुलगा, सीएकडे आर्टिकलशिप करणारी मैत्रीण, एक दंतवैद्य, एक शाळाशिक्षक आणि शिक्षकाची धाकटी बहीण. मधोमध कडक भाकरी आणि शेंगाचटणी. नळाला चार-चार दिवसांआड पाणी येतं, त्यामुळे पाण्याची वेळ आली की कुणीतरी उठून जाणार, हेही गृहीत धरलेलं.

सूत्रधार मी. याआधीचं माझं कॅम्पेन, म्हणजे अनेक सेशन चालणारी सलग गोष्ट, फसलं होतं आणि ते का फसलं हे मला आकड्यांत कळलं. त्यात मी धागे, म्हणजे खेळाडूंना सापडायचे सुगावे, साखळीत लावले होते. मेलेल्या पुजाऱ्याच्या खोलीत चिठ्ठी, चिठ्ठीवरून नकाशा, नकाशावरून एका म्हातारीचं घर, आणि म्हातारीच्या तोंडून खलनायकाची सगळी कहाणी. प्रत्येक ठिकाणी वस्तू सापडायला फाशावर 12 किंवा जास्त यायला हवं होतं. वीसपैकी नऊ पैलू चालतात, म्हणजे कौशल्याची भर न धरता शंभरात 45 वेळा यश. एका ठिकाणी हे बरं वाटतं. पण तीन ठिकाणी ओळीने जमायला हवं असेल तर शंभरातल्या फक्त नऊ वेळा गोष्ट शेवटापर्यंत पोचते. आमच्या दंतवैद्याने पहिल्याच खोलीत 4 टाकला आणि पुढचे दोन महिने पाच हुशार माणसं त्या नगरात नुसती फिरत राहिली. शेवटी मीच खलनायकाच्या तोंडी लांबलचक भाषण घालून सगळं सांगून टाकलं. त्यांनी ते शांतपणे ऐकलं. तो शांतपणा मला अजून टोचतो. त्यांना शोधता आलं असतं ते मी त्यांच्या हातून काढून घेतलं होतं.

जस्टिन अलेक्झांडर या अमेरिकन लेखकाने 2008 मध्ये या दुखण्यावर एक नियम मांडला : खेळाडूंनी जो निष्कर्ष काढावा असं तुम्हाला वाटतं, त्या प्रत्येकासाठी किमान तीन धागे ठेवा. एक त्यांच्या नजरेतून सुटेल, एकाकडे ते दुर्लक्ष करतील, एकाचा अर्थ चुकीचा लावतील. साखळीतले तेच तीन धागे शेजारी-शेजारी ठेवले, त्यातला एक सापडला तरी पुरे असं केलं, की त्याच फाशावर शंभरात 83 वेळा काम होतं. रॉबिन लॉझ यांच्या ‘गमशू’ या खेळपद्धतीत तर आवश्यक धाग्यासाठी फासाच नाही. योग्य कौशल्याचं पात्र योग्य जागी पाहत असेल तर धागा मिळतोच. मी दोन्ही घेतलं. धागा सापडणं फाशावर सोडलं नाही. फासा ठेवला तो फक्त धागा किती लवकर, किती गुपचूप आणि कुणाच्या नकळत मिळतो, एवढ्यापुरता.

पण नियम किती धागे ते सांगतो, कसे ते सांगत नाही. तिथे मला बराच काळ चाचपडावं लागलं. आधी मी खेळाडूंना काय सापडावं याची यादी करायचो आणि मग त्या वस्तू जगात पेरायचो. अशा वस्तू पेरलेल्याच दिसतात. कुठलाही माणूस आपल्या मनातलं डायरीत लिहून ती उघड्या खणात ठेवत नाही. या वेळी मी उलटीकडून सुरुवात केली. खलनायकाचं आयुष्य घडलं त्या क्रमाने एका पानावर लिहून काढलं, जेमतेम नऊ ओळी. प्रत्येक ओळीपुढे एकच प्रश्न : या घटनेची खूण कुणाकडे, कशावर राहिली असेल? राख कुठे गेली, पैसे कुणी दिले, कोण बघत होतं, कुणाला लपवावंसं वाटलं?

तो माणूस असा. गोष्टीतलं नगर तटबंदीचं, एका तलावाकाठी, विणकरांचं. तीस वर्षांपूर्वी तिथल्या महाजनांच्या मागशाळेतून कापड चोरीला जाऊ लागलं, म्हणून रात्रपाळीला दारं बाहेरून कुलूपबंद करायचं ठरलं. पहिली घंटा झाली की दारं लागायची, दुसरी झाली की उघडायची. घंटेच्या मनोऱ्यावर दोर ओढायला बारा वर्षांचा एक पोरगा होता, केदू. त्याची आई आत मागावर. एका रात्री दिव्याचं तेल सांडून आग लागली. पोराने वरून धूर पाहिला. वेळेआधी घंटा वाजवलीस तर आईचा महिन्याचा पगार कापू, असं मुनीम त्याला बजावून गेला होता. पोराच्या हातात दोर होता आणि त्याने वेळ होईपर्यंत वाट पाहिली. आत एक्केचाळीस माणसं गेली. विणकरच कापड चोरून, आग लावून पळाले, असं महाजनांनी लिहून ठेवलं.

तोच केदू आता केदारशेट आहे. परगावी तेलघाण्यावर राबून मोठा झालेला, नाव बदलून परतलेला, नगरातल्या सगळ्या दिव्यांना तेल पुरवणारा प्रतिष्ठित व्यापारी. त्याचा बेत : महाजनांच्या वार्षिक मेजवानीला हिशेब गुप्त राहावा म्हणून सभागृहाची दारं पहिल्या घंटेला लागतात आणि दुसरीला उघडतात. त्या रात्री दुसरी घंटा होणार नाही. दिव्यांत तेल त्याचंच. आणि नगरातली कुठलीच घंटा मदतीला वाजू नये म्हणून तो एकेका घंटेची जीभ काढून नेतो आहे. घंटा जागेवर लटकलेली, आतली जीभ तेवढी गायब.

खेळाडूंना पहिल्या दिवशी फक्त हे शेवटचं दिसलं. देवळातली घंटा हलते पण वाजत नाही. लोक चोराला जिभाचोर म्हणतात, आणि त्याला पकडायला बक्षीस लावणारा सज्जन गृहस्थ म्हणजे केदारशेट.

खलनायक पहिल्याच सेशनला, चांगल्या रूपात, हातभर अंतरावर भेटला पाहिजे, हे माझं पक्कं मत आहे. बाराव्या सेशनला पहिल्यांदा दिसणाऱ्या माणसाच्या मनात काय आहे याची कुणालाच पडलेली नसते. केदारशेटने त्यांना घरी जेवायला बोलावलं. मी वर्णन केलं : समई, पाट, ताटात भाकरी, आणि शेट बसण्याआधी दाराच्या फटीत चप्पल सरकवतो. शिक्षकाने विचारलं, “का बे?” मी शेटच्या तोंडून म्हणालो, “वारा येऊ दे की, उकडतंय.” पाचही जण तेवढ्यावर पुढच्या गोष्टीकडे वळले. पुढच्या सात सेशनमध्ये शेट तीनदा भेटला आणि तिन्ही वेळा दारात काहीतरी अडकवलेलं होतं. एकदा चप्पल, एकदा वजनाचं माप, एकदा थंडीत, वाऱ्याची काहीच गरज नसताना, त्याचा स्वतःचा पाय. धाग्याला पहिल्या वाचनात साधा, पुरेसा अर्थ हवा. दुसऱ्या वाचनात तोच धागा अंगावर यायला हवा. पहिला अर्थ नसेल तर खेळाडूंना लगेच वास येतो, आणि दुसरा नसेल तर ती नुसती सजावट होते.

दारं बाहेरून बंद होती, या निष्कर्षासाठी तीन खुणा नऊ ओळींतूनच निघाल्या. जळक्या मागशाळेच्या ढिगाऱ्यात एक वितळून वाकलेलं कुलूप, त्याची जीभ बाहेर आलेली. महाजनांच्या दफ्तरात त्या वर्षाची खर्चवही. आणि खालच्या पेठेतली एक रीत : वर्षातल्या एका रात्री एक्केचाळीस उंबऱ्यांवर दिवे लागतात आणि ती घरं रात्रभर दार लावत नाहीत. एक वस्तू, एक कागद, एक माणसांची सवय. तिन्ही वेगळ्या जातीच्या ठेवण्याचं कारण साधं आहे. काही खेळाडू ढिगारे उपसतात, काही कागद वाचतात, काही फक्त माणसांशी बोलतात.

कुलूप त्यांनी पाहिलं आणि ‘जुनं कुलूप’ म्हणून पिशवीत टाकलं. रीत त्यांना एखाद्या देवीची वाटली. वही मात्र मी खरीच बनवली होती, लाल कापडी पाठीची, तीन पानं हाताने लिहिलेली. आर्टिकलशिपवाली मैत्रीण त्या पानांवर बराच वेळ बोट फिरवत राहिली. मग म्हणाली, “आगीच्या आदल्या महिन्यात सहा कुलुपं घेतलीत. कोठाराच्या खात्यात नाहीत, मागशाळेच्या खात्यात आहेत. आणि आगीनंतर पळालेल्यांचा उरलेला पगार जप्त केल्याची नोंद पाहिजे ना? पळालेल्या माणसाचा पगार जप्त करतात. इथे नुसता थांबवलाय.” दुसरा मुद्दा माझ्या डोक्यात नव्हताच. मी फक्त महाजन कसे लिहितील तसं लिहिलं होतं. घटना आधी घडवून मग खूण काढली की खुणेत लिहिणाऱ्यालाही न दिसलेलं सत्य राहतं, हे मला त्या दिवशी कळलं. दंतवैद्याने पिशवीतलं कुलूप काढायला सांगितलं. “जीभ बाहेर आहे म्हणालास ना? म्हणजे लागलेलं होतं.” मग कुणीतरी उंबऱ्यांचे दिवे आठवले, आणि खोलीत एकदम कुणी बोलेना.

केदारशेट म्हणजेच केदू, याचे धागे याहून नाजूक ठेवले. दार हा एक. तळहातांवर आडवा जुना वण, दोराने भाजल्यासारखा, हा दुसरा. तिसऱ्यावर मी तीन रात्री घालवल्या. केदूची आई मागावर त्याच्यासाठी एक चादर विणत होती. तिच्या नक्षीची कार्डं एका म्हाताऱ्या शेजारणीने जपली होती. सोलापुरी चादर जकार्डवर कशी विणतात ते इथे आम्ही लहानपणापासून पाहतो. नक्षी आधी चौकटीच्या कागदावर काढतात, मग पुठ्ठ्याच्या कार्डांना भोकं पाडतात. भोक असेल तिथला ताण्याचा धागा उचलला जातो, नसेल तिथला खाली राहतो. खऱ्या कार्डावर भोकं शेकड्यांनी असतात. मी बुटांच्या खोक्यातून बारा-बारा चौकटींची दहा कार्डं कापली आणि पंचिंग मशीनने भोकं पाडली. कारखानदाराच्या मुलाने ती हातात घेतली, उजेडाकडे धरली, आणि काही न विचारता चौकटीचा कागद ओढून काळे चौकोन भरायला बसला. दहाव्या कार्डाला कागदावर एक घंटा उमटली होती. “दोन कार्डं कमी आहेत,” तो म्हणाला, “खालची जीभ राहिलीय.”

पहिल्या सेशनला केदारशेटने बक्षिसाच्या करारावर जो शिक्का मारला होता, तो मी लाल शाईत खरा उठवून त्यांना दिला होता. शिक्षकाच्या बहिणीने तो पाच महिने वहीत चिकटवून ठेवलेला. तिने वही उलटी फिरवून सगळ्यांपुढे धरली. शिक्क्यावर घंटा होती. जीभ नसलेली.

हे सगळं सरळ रेषेत घडलं नाही. मधले तीन सेशन त्यांची खात्री होती की जिभाचोर हा शेजारच्या राजाचा हेर आहे आणि घंटा मुक्या करून तो रात्रीचा हल्ला करणार आहे. तर्क चांगला होता, माझ्या गोष्टीपेक्षा काही अंगांनी जास्त नेटका होता. अशा वेळी खलनायकच बदलून टाकावा, त्यांचा तर्क खरा करावा, असं पुष्कळ डीएम सांगतात. मी ते करत नाही. धागे एकदा टेबलावर आले की त्यांच्यामागचा भूतकाळ गोठला पाहिजे. तो हलवला तर त्या वाकलेल्या कुलपाला काहीच अर्थ राहत नाही, आणि खेळाडूंना ते कळत नसलं तरी जाणवतं. भविष्यकाळ मात्र मोकळा ठेवावा. त्यांनी तटावर पहारा वाढवला, म्हणून केदारशेटला उरलेल्या जिभा घाईने काढाव्या लागल्या, घाईत एक माणूस त्याचा साक्षीदार झाला, आणि चुकीच्या तर्कातूनच ते खऱ्या वाटेवर आले. मुद्दाम फसवा धागा मी एकही ठेवला नव्हता. तेवढी सोय खेळाडू स्वतःच करून घेतात.

वाट चुकते आहे की नाही हे ओळखायला माझ्याकडे एकच मोजमाप होतं. दर सेशननंतर, चटणीचा डबा बंद करता करता, प्रत्येकाला विचारायचं : हा माणूस हे का करतो आहे असं तुला वाटतं? एका वाक्यात. ती वाक्यं मी तारखेसह लिहून ठेवली. पाचही जणांचं उत्तर चौथ्या सेशनलाच एक आलं असतं तर गोष्ट फार उघडी होती. उत्तरांत आदल्या सेशनची एकही वस्तू येत नसेल तर माझे धागे त्यांच्यापर्यंत पोचतच नव्हते. सातव्या सेशनला पाच वेगळी उत्तरं आली, पण पाचांतही घंटा, तेल आणि बंद दार होतं. त्या रात्री मी नीट झोपलो.

आठव्या सेशनबद्दल थोडं जड मनाने लिहितो. खालच्या पेठेत साधीच आग लागली, स्वयंपाकघरातली. गजराच्या घंटेला जीभ नव्हती. लोक उशिरा जागे झाले आणि एक लहान मुलगी वाचली नाही. खेळाडूंनी पाणी वाहिलं, दार फोडलं, फासे चांगले पडले, तरी उशीर झालाच होता. हे मी आधीपासून ठरवलं होतं. त्याच्याशिवाय केदारशेट नुसता दुःखी माणूस राहिला असता आणि त्याचं दुःख उलगडल्यावर सगळ्यांनी त्याला मिठी मारली असती. कारण कळलं की माणूस समजतो, पण त्याने जे केलं ते तिथेच राहतं. शिक्षकाने त्याला शेवटपर्यंत माफ केलं नाही, बहिणीने केलं. घरी जाताना गाडीवर दोघं भांडत गेली, असं तिने नंतर सांगितलं.

सगळ्यात आतला पदर, त्या पोराच्या हातात दोर होता आणि त्याने वाट पाहिली, हा मी कुठल्याच धाग्यात पूर्ण ठेवला नाही. मनोऱ्याच्या भिंतीवर नखाने ओढलेल्या रेघा ठेवल्या, उभ्या, पाचा-पाचाच्या जुड्यांत, घंटेची वेळ होईपर्यंत मोजत बसलेल्या कुणाच्यातरी. एवढंच. ही शेवटची पायरी खेळाडूने स्वतः प्रश्न विचारून चढायची, आणि खलनायकाने फक्त हो किंवा नाही म्हणायचं, असं मी वहीत दोनदा अधोरेखित करून ठेवलं होतं. मागच्या वेळच्या भाषणाची ती परतफेड होती.

चौदावं सेशन गड्ड्याच्या यात्रेनंतरच्या आठवड्यात झालं. मेजवानीचं सभागृह, दिवे लागलेले, महाजन बसलेले, केदारशेटही त्यांच्यातच. त्याच्यासाठी बाहेर जायची वाट बेतात नव्हतीच, हे त्यांना दाराशी उभं राहिल्यावर कळलं. मी सांगितलं, “पहिली घंटा होते. दारं हलायला लागतात. काय करता?”

दंतवैद्याने तलवारीला हात घातला होता. मैत्रिणीने त्याला थांबवलं आणि सभागृहाच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या केदारशेटकडे पाहावं तसं माझ्याकडे पाहिलं. “केदू,” ती म्हणाली, “तू रेघा मोजत होतास ना?”

मी म्हणालो, “हो.”

दारं निम्मी आली होती. ती उठली, खोलीच्या दाराशी गेली, स्वतःच्या पायातली चप्पल काढली आणि तिथल्या खऱ्या उंबऱ्यावर, खऱ्या फटीत, सरकवली. मग परत येऊन जागेवर बसली. “मी हे करते,” म्हणाली, “तो बघत असताना.”

फासा माझ्या हातात होता. मी तो टेबलावर ठेवून दिला.